साखर ५२, आणि बॉटने पुसलेला मेसेज

आज एखाद्या आजाराबद्दल नाही, तर पुसल्या गेलेल्या एका मेसेजबद्दल लिहितो आहे. पण गोष्ट मधुमेहाचीच आहे.

ओपीडीत रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून मी टेलिग्रामवर मधुमेहाची माहिती देणारा चॅनेल सुरू केला. चॅनेल म्हणजे शाळेतला फळा. लिहिणारा एक, वाचणारे अनेक. वाचणाऱ्यांना काही विचारायचं असेल तर चॅनेलला चर्चेचा एक ग्रुप जोडावा लागतो. मग प्रत्येक पोस्टखाली कॉमेंट करता येते आणि ती त्या ग्रुपमध्ये दिसते.

ग्रुप जोडला आणि थोड्याच दिवसांत तिथे जाहिराती येऊ लागल्या. शेअर बाजाराच्या टिप्स, घरबसल्या कमाई, आणि त्यातच "पंधरा दिवसांत गोळ्या बंद" म्हणणारं एक चूर्ण. सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं. पण माझ्याच एका पेशंटने ते चूर्ण मागवलं आणि गोळ्या बंद केल्या. ते परत आले तेव्हा उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर होती. "तुमच्याच ग्रुपवर होतं ना डॉक्टर," ते म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, बॉट बसवू." बॉट म्हणजे ग्रुपमध्ये सदस्यासारखा बसलेला एक छोटा प्रोग्राम. टेलिग्रामवर @BotFather नावाचं खातं आहे, तिथून नवा बॉट तयार होतो आणि त्याची किल्ली, म्हणजे टोकन मिळतं. साधा बॉट ग्रुपमधलं सगळं वाचू शकत नाही, त्याला उद्देशून दिलेल्या सूचनाच त्याला दिसतात. म्हणून आम्ही त्याला अ‍ॅडमिन केलं आणि मेसेज पुसण्याचा तेवढा हक्क दिला. नियम दोनच होते. मेसेजमध्ये लिंक असेल तर पुसायचा. प्रश्नचिन्ह असेल तर त्याची प्रत माझ्या खासगी ग्रुपमध्ये पाठवायची, म्हणजे मला प्रश्न शोधत बसावं लागणार नाही.

पहिल्याच दिवशी बॉटने माझीच पोस्ट पुसली. चॅनेलवरच्या पोस्टची प्रत चर्चेच्या ग्रुपमध्ये आपोआप येते, आणि माझ्या पोस्टमध्ये लिंक होती. प्रत गेली तशी त्या पोस्टखाली कॉमेंट करण्याची सोयही गेली. चॅनेलकडून आलेल्या प्रतीला हात लावायचा नाही, असा अपवाद भाच्याने घातला. मग दोन आठवडे ग्रुप अगदी स्वच्छ राहिला. मी खूश होतो.

एका सोमवारी सकाळी एका ताईंचा दवाखान्यात फोन आला. आवाजात राग होता. "डॉक्टर, माझा मेसेज तुम्ही काढून टाकलात का?"

रविवारी संध्याकाळी त्यांच्या आईने ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती, पण जेवण केलं नव्हतं. ताईंनी ग्रुपवर लिहिलं होतं, "आईची साखर ५२ आली घाम फुटलाय गोळी घेऊन जेवली नाही यात लिहिलंय ते करू का", आणि खाली एका लेखाची लिंक दिली होती. लिंक होती म्हणून बॉटने मेसेज पुसला. प्रश्नचिन्ह नव्हतं म्हणून माझ्याकडे काहीच आलं नाही. घाबरलेलं माणूस प्रश्नचिन्ह टाईप करत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

शेजारच्या काकूंनी साखरेचं पाणी दिलं आणि आईंना बरं वाटलं. पण पहाटे तीनला पुन्हा घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या आता बऱ्या आहेत.

इथे थोडं डॉक्टर म्हणून सांगतो. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर ती कमी, आणि ५४ च्या खाली गेली तर गंभीर. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या, आणि वर आल्यावर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. म्हणून एकदा बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. मेसेज माझ्यापर्यंत आला असता तर मी हेच सांगितलं असतं.

त्या संध्याकाळी मी आणि भाचा पुन्हा बसलो. आधी क्रम बदलला. पुसलेला मेसेज बॉटला परत आणता येत नाही, म्हणून आता तो आधी माझ्याकडे प्रत पाठवतो आणि प्रत पोचल्यावरच मूळ मेसेज पुसतो.

मग प्रश्न ओळखण्याची पद्धत बदलली. "काय", "किती", "कसं", "करू का", "चालेल का" हे शब्द शोधायचे, आणि बरेच जण इंग्रजी अक्षरांत लिहितात म्हणून `kay`, `kiti`, `karu ka` सुद्धा. यातही एक गंमत झाली. नुसतं "का" शोधलं तर "काल" आणि "काकू" पण सापडतात. म्हणून भाच्याने पायथनमधली शब्दाची हद्द ओळखणारी खूण `\b` वापरली, तर "का" सापडेचना. ती खूण काना-मात्रेला अक्षरात धरत नाही. शेवटी वाक्य मोकळ्या जागांवर आणि विरामचिन्हांवर तोडून एकेक शब्द ताडून पाहिला, तेव्हा जमलं.

तिसरा नियम मी सांगितला. "घाम", "बेशुद्ध", "छातीत" यांपैकी शब्द आला, किंवा "साखर" बरोबर ७० पेक्षा लहान आकडा आला, तर मेसेज लाल खुणेने माझ्याकडे यावा. शिवाय बॉटने तिथेच उत्तर द्यावं की डॉक्टर आत्ता ऑनलाइन असतीलच असं नाही, तातडीचं असेल तर १०८ ला फोन करा. आता "वय ५२, साखर १८०" अशा मेसेजलाही लाल खूण लागते. लागू दे. उगीच वाजलेली घंटा मला परवडते, न वाजलेली परवडत नाही.

जाहिरातवालेही हुशार असतात. आधी साधा मेसेज टाकतात आणि नंतर तो बदलून लिंक घालतात, किंवा एखाद्या शब्दाखाली लिंक लपवतात. त्यामुळे बॉटला बदललेले मेसेज आणि `text_link` ही छुपी लिंकही तपासायला लावलं.

एक मर्यादा मात्र राहतेच. बॉट दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर चालतो. तो बंद असला तर टेलिग्राम त्याच्यासाठीचे मेसेज जास्तीत जास्त २४ तास सांभाळतं. दिवाळीत दोन दिवस दवाखाना बंद होता, तेव्हा पहिल्या दिवशीचे मेसेज बॉटने पाहिलेच नाहीत. म्हणून सुट्टीनंतर मी ग्रुप स्वतः वरपासून वाचतो.

ताईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ग्रुपवर तसं लिहून ठेवा ना." आता ग्रुपच्या अगदी वर ते पिन केलेलं आहे: इथे मेसेज बॉट तपासतो, उत्तराला एक दिवस लागू शकतो, तातडीच्या वेळी इथे लिहीत बसू नका. तुम्हीही त्या ग्रुपमध्ये असाल तर ते एकदा वाचून घ्या.