पेठपाड्याला जायचं, पण पाटी पेंधरची शोधायची



पनवेल भागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आता मेट्रो नवी नाही. बेलापूर ते पेंधर ही अकरा स्टेशनांची मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. तरी मागच्या डिसेंबरात मी आणि सासूबाई चक्क उलट्या गाडीत बसलो. चूक माझीच होती.

खारघरला उत्सव चौकाजवळ एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. घर पेठपाड्याला. सासूबाईंचा चौविहार, आणि त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्यास्त. पाच वाजून गेले होते. मध्ये तीनच स्टेशनं, दहा-बारा मिनिटांचा प्रवास, म्हणून मी निवांत होते. "मागच्या वेळी डावीकडचा जिना चढलो होतो," असं म्हणून डावीकडे वळले. वर फलाट तसाच, छप्पर तसंच, समोरचा फलाटही हुबेहूब. गाडी आली आणि आम्ही बसलो.

थोड्या वेळाने घोषणा झाली, पुढचं स्टेशन बेलपाडा. सासूबाईंनी फक्त "पाडा" ऐकलं आणि पिशवी उचलली. "आलं गं आपलं!" माझ्या मात्र पोटात गोळा आला. पेठपाड्याकडे जाताना उत्सव चौकानंतर केंद्रीय विहार यायला हवं. बेलपाडा म्हणजे आम्ही बेलापूरकडे निघालो होतो.

नंतर विचार केला तेव्हा चूक कळली. त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने स्टेशनात शिरलो होतो. आपण ज्या दाराने आत येतो त्यावर डावं-उजवं ठरतं. दार बदललं की कालचं डावं आज उजवं होतं. गाडीच्या तोंडावरूनही काही कळत नाही, कारण तिला दोन्ही टोकांना सारखंच तोंड असतं. न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे शेवटच्या स्टेशनाचं नाव.

आपण लोकलला हे नकळत करतोच. वाशीहून खारघरला यायचं तर इंडिकेटरवर "खारघर" कोण शोधतं? आपण पनवेल गाडी बघतो. मेट्रोतही पाटीवर आपलं स्टेशन मोठ्या अक्षरात नसतं, गाडी जिथे संपते ते असतं.

म्हणून आता मी घरातूनच ठरवून निघते. मार्गिकेची नावं ओळीने म्हणायची: बेलापूर, आरबीआय कॉलनी, बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव, सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत, पेठाली-तळोजा, पेंधर. आपण जिथे चढतो तिथे बोट ठेवायचं, जिथे उतरायचं तिकडे सरकवायचं आणि तसंच शेवटपर्यंत न्यायचं. उत्सव चौकाहून पेठपाडा आणि पुढे सरळ पेंधर. म्हणजे जिना पेंधरचा. सेंट्रल पार्कहून बेलपाड्याला जायचं असेल तर बोट बेलापूरवर थांबतं.

इथे नाव पूर्ण वाचा. पेठपाडा, पेठाली, पेंधर आणि दुसरीकडे बेलपाडा, बेलापूर. घाईत ही नावं एकमेकांत मिसळतात. पाटी जिना चढण्याआधी वाचायची आणि वर गेल्यावर फलाटावर पुन्हा एकदा. आत बसल्यावर पहिल्या घोषणेकडे कान ठेवायचा. पुढचं स्टेशन कोणतं यायला हवं हे आधी माहीत असेल तर चूक एकाच स्टेशनात पकडली जाते.

हे टोकाचं नाव कायमचं मात्र समजू नका. मुंबईत आरे-जेव्हीएलआरहून निघणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये बीकेसीला संपत होती. मे २०२५ मध्ये ती आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. पूर्वी "बीकेसी" शोधून फलाट धरणाऱ्या बाईने आज तेच नाव शोधलं तर ती गोंधळेल. बऱ्याच दिवसांनी एखाद्या मेट्रोने जाणार असाल तर नकाशातली दोन्ही टोकं आधी बघून घ्या.

आम्ही बेलपाड्याला उतरलो, खाली आलो, "पेंधर" वाचून पलीकडचा जिना चढलो आणि गाडीची वाट पाहिली. पाऊण तासाची सवड होती, त्यातली वीस मिनिटं गेली. घरी पोचलो तेव्हा ऊन गच्चीच्या कठड्यावर होतं. भाजी गरम करायला वेळ नव्हता. सासूबाईंनी दूध-भाकरी खाल्ली, पाणी प्यायल्या आणि पच्चक्खाण घेतलं.

आता स्टेशनात शिरलं की त्याच मला विचारतात, "पेंधर कुठे लिहिलंय, दाखव आधी." दाखवल्याशिवाय जिन्यावर पाय ठेवत नाहीत.