उभे ढग, आडवे ढग

मराठीच्या प्राध्यापकाला ढगांतले काय कळते, असे कोणी विचारले तर मला राग येत नाही. वर्गात गेली वीस वर्षे मी ढगच शिकवीत आलो आहे. पण आमच्या कवितेतले ढग बहुधा एकाच जातीचे असतात. ते काळे असतात, दाटून येतात आणि एखाद्या विरहिणीला रडवून निघून जातात. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे वा. वि. मिराशी यांनी मोठ्या हिरिरीने मांडले. त्या काव्यात कालिदासाने ढग कशाचा बनतो हेही सांगून टाकले आहे: धूर, तेज, पाणी आणि वारा. मात्र यक्षाने जो ढग धाडला तो उभा होता की आडवा, याबद्दल कविराज मौन पाळतात. आणि नागपूरच्या माणसाला खरी गरज असते ती नेमकी हीच गोष्ट कळण्याची.

ढगांना आकारावरून नावे देण्याचे श्रेय ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधे बनविणाऱ्या गृहस्थाचे. १८०२ साली त्याने एका व्याख्यानात सांगितले की ढग मुळात तीन प्रकारचे: केसांसारखे तंतू, रचलेल्या राशी आणि पसरलेले थर. पुढे त्यांचे दहा प्रकार ठरले. पण आपल्या गच्चीवरून पाहणाऱ्या नवशिक्याने दहाही पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. राशी उभी असते आणि थर आडवा असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम होते. जमिनीवरची तापलेली हवा एखाद्याच जागी वेगाने वर उसळली की उभा ढग तयार होतो. शेकडो मैलांवरची दमट हवा सावकाश, एकदम उचलली गेली की आडवा. म्हणून उभ्या ढगाचा पाऊस थोड्या जागेत, थोडा वेळ आणि धुवाधार. आडव्याचा पाऊस दूरवर, दीर्घकाळ आणि शांतपणे.

आमच्या प्रतापनगरात उभा ढग पाहायचा तो मे महिन्यात. सकाळी आकाश कोरे असते. बाराच्या सुमारास कापसाच्या पेळूंसारखे लहान ढग दिसू लागतात. त्यांचे तळ सुरीने कापल्यासारखे सपाट आणि सगळे एकाच उंचीवर असतात. कारण वर जाणारी हवा त्याच उंचीवर पुरेशी थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. हे ढग रुंदीला जास्त आणि उंचीला कमी राहिले, तर सौ.ने गच्चीवर घातलेल्या कुरड्या खुशाल राहू द्याव्यात. पण दोन-अडीच वाजता एखादा ढग रुंदीपेक्षा उंचीला जास्त झाला, की त्याच्या माथ्यावर नजर ठेवायची. माथा फुलकोबीसारखा (आम्हां नागपूरकरांची ती फुलगोभी) रेखीव, गाठीगाठींचा दिसतो, तोवर आत पाण्याचेच थेंब आहेत आणि ढग अजून वाढतो आहे. त्या गाठी पुसट होऊन माथा पिंजल्यासारखा दिसू लागला, की तिथे बर्फाचे कण झाले. मग तो माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. हाच गर्जन्मेघ. आता अर्ध्या तासाचीही वाट न पाहता कुरड्या खाली आणाव्यात.

मात्र दिसलेली प्रत्येक ऐरण आपल्यासाठी नसते. दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग शंभर किलोमीटरवरूनही दिसतो. तो येतो आहे की जातो आहे हे ओळखण्याची युक्ती साधी आहे. विजेच्या खांबाशी किंवा नारळाच्या झाडाशी त्याचा तळ जुळवून पाहावा. दहा मिनिटांत तो बाजूला सरकला, तर दुसऱ्या कोणाच्या तरी कुरड्या भिजणार आहेत. जागा न सोडता तो नुसताच रुंद होत गेला, तर तो सरळ आपल्याकडे निघाला आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. हा आकडा दहावर आला की गच्चीवरचे निरीक्षण बंद करून घरात यावे. तिथे थांबणे हा शास्त्राभ्यास नव्हे.

मे महिन्यात आणखी एक गंमत होते. हवा इतकी कोरडी असते की ढगाचा तळ फार वर राहतो, आणि पडणारे पाणी बरेचसे वाटेतच आटते. त्या आटण्याने हवा गार व जड होते आणि धाडकन खाली कोसळते. म्हणून आपल्या वाट्याला धूळ येते, उडालेली पत्रे येतात, मांडवाच्या कनाती फाटतात. पाऊस मात्र चार थेंब. तळ जितका उंच, तितका वारा जास्त आणि पाणी कमी.

इथवर प्रश्न कुरड्यांचा होता. जूनमध्ये तो बियाण्याचा होतो. काटोलकडे माझा चुलतभाऊ शेती करतो. एका वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि रात्री त्याचा फोन आला. "दादा, पानी तं मस्त पडलं. शेजारी उद्या पेरतो म्हन्ते."

"तू काय म्हणतोस?" मी विचारले.

"मी सकाळी आभाळ पाह्यतो, मंग सांगतो."

सकाळी त्याने दोन गोष्टी पाहिल्या. शेतात खोदले तर ओल जेमतेम चार बोटे होती. आणि आकाश निळेशार होते. दुपारी पुन्हा तेच सुटेसुटे, सपाट तळाचे ढग आले. म्हणजे आदल्या दिवशीचा पाऊस उभ्या ढगाचा होता. तो या शेतात पडला आणि दोन मैलांवर कदाचित पडलाच नाही. त्याच्यामागे दुसरा पाऊस येत असल्याची कसलीच खूण नव्हती. कृषी खाते पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणून सांगते, त्याचे कारण हेच. भाऊ थांबला. शेजाऱ्याने पेरले, सोयाबीन उगवले, आणि पुढच्या पंधरवड्याच्या उन्हात करपले. त्याला दुबार पेरणी करावी लागली. बियाणे पुन्हा घ्यावे लागले, आणि तेही उधारीवर.

भाऊ वाट पाहत होता ती आडव्या ढगांची. विदर्भात ज्याला आम्ही झड म्हणतो, ती बहुधा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रातून येते. ते ओडिशाच्या किनाऱ्यावर चढून छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकते आणि दीड-दोन दिवसांत आपल्या शेजारी पोचते. आधी आकाशाच्या निळ्यावर दुधाचा हात फिरवल्यासारखे होते. त्या उंच, बर्फाच्या पातळ थरामुळे रात्री चंद्राला खळे पडते. मग थर जाड आणि खाली येतो; सूर्य घासलेल्या काचेमागून पाहावा तसा दिसतो आणि अंगणात सावली पडेनाशी होते. सावली गेली की पाऊस काही तासांवर आला असे समजावे. शेवटी तळ नसलेले, कडा नसलेले एकसारखे करडे छत येते आणि पाऊस लागतो. भावाच्या शेतात त्यानंतर तीन दिवस झड होती. वापसा आल्यावर त्याने पेरले.

इंग्रजी पुस्तकांत उंच तंतुमेघ दिसले की चोवीस तासांत पाऊस, असे असते. ते त्यांच्या हवेत ठीक आहे. तिथे उबदार हवा थंड हवेवर चढत येते आणि ते तंतू तिची पुढची कड असतात. आपल्याकडे एकटे तंतू पुष्कळदा कुठल्या तरी दूरच्या ऐरणीचे उडालेले तुकडे असतात. त्यांच्यामागून थर जाड होत येतो का, हे पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. मात्र ते कुठून कुठे जातात, हे जरूर पाहावे. मे महिन्यात नागपूरवरचा उंच वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे ऐरणीचे टोक पूर्वेकडे ओढलेले दिसते. मोसमी पाऊस स्थिरावला की तेच टोक पश्चिमेकडे वळते.

आणि झडीतही मधूनच ढग गडगडतात. करड्या छतात एखादा उभा ढग लपलेला असतो आणि खालून तो दिसत नाही. तो सोनेगावच्या विमानतळावरील हवामान खात्याच्या रडारला दिसतो. आपल्याला पावसाचा जोर एकाएकी वाढल्यावरच कळतो.