दोन खांबांमधली जागा

डोंबिवलीच्या नव्या इमारतीत बिऱ्हाड हलवण्यापूर्वी आम्ही घरातली खोली न् खोली मापून घेतली होती. मापले नव्हते ते फक्त तळघर. "गाडीची जागा अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. अगदी नियमाप्रमाणे!" असे सांगण्यात आले आणि मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मी आकड्यांपुढे मान तुकवली.

सांगणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला लागू असलेल्या राज्याच्या २०२० च्या नियमावलीत मोटारीच्या जागेचे माप तेवढेच आहे. आमची वॅगन आर आरसे सोडून १६२ सेंटीमीटर रुंद. मग चिंता कसली?

पहिल्याच संध्याकाळी डावीकडे वळून, नाक पुढे करून गाडी आत घातली आणि मागच्या डाव्या दारावर खांबाने आपली सही केली. त्याहून वाईट म्हणजे शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांना उतरताच येईना. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी. अर्धवट उघडलेल्या दारातून ते केविलवाणे हसत म्हणाले, "राहू दे रे, मी गाडीतच बसतो."

रात्री टेप घेऊन खाली गेलो. अडीच मीटर होते ते एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत! चाळीस सेंटीमीटरच्या प्रत्येक खांबाने आपला अर्धा देह आमच्या चौकटीत ठेवला होता. उरले २१० सेंटीमीटर. त्यातून गाडी वजा करता ४८, म्हणजे प्रत्येक बाजूस २४. माणसाला धड उतरायला साठेक तरी हवेत.

वळणाचा हिशेबही असाच फसवा. माहितीपत्रकात त्रिज्या ४.७ मीटर दिलेली असते, पण ती बाहेरच्या पुढच्या चाकाची. गाडीचा पुढचा कोपरा त्याहून सुमारे अर्धा मीटर बाहेरून फिरतो. शिवाय मागची चाके पुढच्यांच्या मागोमाग न जाता आतून वाट कापतात. म्हणून नाक सुखरूप आत जाते आणि मागचे दार खांबाला घासते. गाडी उलटी आत घेतली, तर न वळणारी मागची चाके आधी आत शिरतात आणि वळणारे नाक मधल्या मोकळ्या वाटेत झोके घेते. तरीसुद्धा आमच्या अरुंद तोंडाच्या चौकटीला ही वाट निदान सव्वाचार मीटर हवी. सुदैवाने ती साडेचार निघाली. चार असती, तर रोज दोन-तीनदा पुढे-मागे करणे नशिबी आले असते.

म्हणून वाचकहो, घर घेताना टेप खाली न्या आणि खांबाच्या अंगापासून अंगापर्यंत मापा.

खांब काही हलले नाहीत. आता वडील मधल्या वाटेतच उतरतात, काठी टेकून बाजूला उभे राहतात आणि मी गाडी मागे घेऊ लागलो की मोठ्या रुबाबात हात हलवतात, "ये, ये... बस्स!"