घसाऱ्याचे पैसे कुठे असतात?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बिडाचे ओतीव भाग सीएनसी लेथवर तासून देणारी छोटी वर्कशॉप आहेत. अशा काहींचे हिशेब मी बरीच वर्षे पाहतो आहे. मार्चअखेर ताळेबंद वाचून दाखवताना एक प्रश्न हमखास येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एका मालकाने तो अगदी सरळ विचारला होता. "साहेब, धा वर्सं घसारा वजा करत आलोय. यंत्र आता भंगारात निघालं. मग त्या घसाऱ्याचं पैसं गेलं कुठं?"

ते पैसे कुठेही गेले नव्हते, कारण ते कधी बाजूला ठेवलेलेच नव्हते. घसारा ही वहीतली नोंद आहे. यंत्राची किंमत वर्षावर्षाला नफ्यातून वजा होते, त्यामुळे नफा खरा दिसतो आणि करही तेवढा कमी लागतो. पण त्या नोंदीने बँकेतला एक रुपयाही इकडून तिकडे होत नाही. घसाऱ्याएवढी रक्कम धंद्यातच राहते आणि धंदा ती वापरून टाकतो. कधी ती गिऱ्हाईकाच्या थकलेल्या बिलांत अडकते, कधी कच्च्या मालात, कधी घराच्या दुसऱ्या मजल्यात. यंत्र बदलायची वेळ येते तेव्हा ताळेबंदात सगळे असते, फक्त रोकड नसते. दुसरी अडचण अशी की घसारा यंत्राच्या जुन्या खरेदीकिमतीवर चालतो आणि नवे यंत्र मात्र नव्या किमतीला घ्यावे लागते.

ही दरी भरून काढायची साधी, जुनी रीत म्हणजे सिंकिंग फंड. सहकारी गृहनिर्माण संस्थांमुळे हे नाव आपल्याकडे घरोघर माहीत आहे. वर्कशॉपमध्ये मी त्याला यंत्र बदली निधी म्हणतो. दरवर्षी ठरावीक रक्कम धंद्याबाहेर काढायची, व्याजावर ठेवायची, व्याजही त्यातच राहू द्यायचे आणि ठरलेल्या वर्षी ती पुंजी नव्या यंत्राला लावायची.

एक उदाहरण सविस्तर मांडतो. समजा, आज सीएनसी लेथ अठरा लाखांना बसला. जीएसटी मी धरत नाही, कारण नोंदणी असलेल्या धंद्याला त्याची वजावट मिळते. पहिला प्रश्न आयुष्याचा. कागदावर यंत्राचे आयुष्य काहीही असो, मी मालकाला विचारतो की हे यंत्र गिऱ्हाईकाने मागितलेले माप किती वर्षे धरेल? बिडाची बारीक धूळ स्लाइडवर बसते आणि घासते. बॉलस्क्रूमध्ये ढिलाई येते, स्पिंडलचे बेअरिंग आवाज करू लागते, पुढेपुढे कंट्रोलरचे कार्डही मिळेनासे होते. दोन पाळ्यांत बीड तासणाऱ्या यंत्राला इथे दहा वर्षे धरू.

दुसरा प्रश्न, दहा वर्षांनी तसेच यंत्र कितीला पडेल? वर्षाला पाच टक्के वाढ धरली तर अठरा लाखांचे साधारण एकोणतीस लाख तीस हजार होतात. जुने यंत्र विकून चार-सव्वाचार लाख येतील असे मानू. म्हणजे निधीने पंचवीस लाख जमवायचे आहेत. तिसरा प्रश्न व्याजाचा. तिथे मी सहा टक्के धरतो.

व्याजाचा विचार न करता पंचवीस लाखांना दहाने भागले तर वर्षाला अडीच लाख लागतील. व्याज धरले की वर्षाला १,८९,६७० रुपये पुरतात. हा आकडा संगणकावर एका ओळीत निघतो:

```
=PMT(6%,10,0,-2500000)
```

हप्ता वर्षअखेर भरायचा आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटी निधीत फक्त तो हप्ता असतो. दुसऱ्या वर्षी त्यावर ११,३८० रुपये व्याज येते आणि नवा हप्ता मिळून ३,९०,७२० होतात. सुरुवातीला हे व्याज किरकोळ वाटते. पण दहाव्या वर्षी एकट्या व्याजाचे १,३०,७७३ रुपये जमा होतात. शेवटी पंचवीस लाखांपैकी मालकाच्या खिशातून सुमारे १८ लाख ९७ हजार गेलेले असतात आणि उरलेले सहा लाख व्याजाचे असतात. म्हणून सुरुवातीची वर्षे चुकवू नका असे मी आग्रहाने सांगतो. पहिली पाच वर्षे वाया घालवून सहाव्या वर्षी सुरुवात केली तर तेच पंचवीस लाख जमवायला वर्षाला ४,४३,४९० रुपये लागतील.

इथे करामुळे हिशेब चुकण्याचा मोठा संभव असतो. निधीवरचे व्याज करपात्र आहे. बँक सात टक्के देत असेल आणि मालक तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह कर गेल्यावर हातात ४.८ टक्क्यांच्या आसपास उरतात. सहा टक्के धरून ठरवलेला हप्ता ४.८ टक्क्यांनी वाढला तर दहाव्या वर्षी २३ लाख ६३ हजारच जमतात. जवळजवळ एक लाख सदतीस हजारांचा खड्डा पडतो आणि तो शेवटच्या वर्षीच दिसतो. तेव्हा दर धरायचा तो करानंतरचा. या मालकासाठी योग्य हप्ता २,००,६०० रुपयांच्या घरात जातो.

किमतीचा अंदाजही पहिल्याच दिवशी कायमचा ठरत नाही. मी दरवर्षी मार्चमध्ये त्याच यंत्राचे ताजे कोटेशन मागवायला लावतो. समजा, सहा टक्केच हाती पडतात आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी निधीत ८,२९,७३३ रुपये आहेत, पण नव्या कोटेशनवरून दिसते की पंचवीस नव्हे, अठ्ठावीस लाख लागणार. हातातली रक्कम उरलेल्या सहा वर्षांत ११ लाख ७७ हजार होईल. बाकीचे सव्वासोळा लाख नव्या हप्त्यांतून यायला हवेत, म्हणून हप्ता २,३२,६८० रुपयांवर न्यावा लागतो. त्रेचाळीस हजारांची ही वाढ चौथ्या वर्षी झेपते. दहाव्या वर्षी एकदम तीन लाख कमी पडले तर मात्र कर्जाला जावे लागते.

हा हप्ता येणार कुठून? तो जॉबच्या दरातून यायला हवा. दोन पाळ्यांत यंत्र वर्षाला प्रत्यक्ष चार हजार तास चालत असेल, तर १,८९,६७० रुपयांचा हप्ता ताशी सत्तेचाळीस रुपये पडतो. वीज, टूल, कामगार, जागाभाडे यांच्या शेजारी मशीन-तासाच्या दरात हे सत्तेचाळीस रुपये धरलेले आहेत का, हे मी तपासतो. पुष्कळदा नसतात. कर्जाचा हप्ता चालू असतो तोवर तो दरात धरलेला असतो. कर्ज फिटले की मालकाला यंत्र फुकट चालल्यासारखे वाटते आणि तो दर खाली आणतो. गिऱ्हाईक खूश होते, पण त्या स्वस्त दरात मालक आपले यंत्रच थोडे थोडे विकत असतो. कर्ज फिटल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून तीच रक्कम निधीकडे वळवणे हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे, कारण धंद्याला तेवढ्या रकमेविना चालायची सवय झालेली असते.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. धंद्याचे कॅश क्रेडिट साडेदहा टक्क्यांनी चालू असताना सात टक्क्यांच्या ठेवीत पैसे ठेवणे शहाणपणाचे आहे का? नुसत्या गणिताने पाहिले तर नाही. इतिहासात याचा मोठा धडा आहे. इंग्लंडमध्ये धाकट्या पिटने १७८६ साली राष्ट्रीय कर्ज फेडायला सिंकिंग फंड उभा केला. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर सरकार नवी कर्जे काढत राहिले आणि निधीतही पैसे भरत राहिले. कर्ज काढून निधी भरण्यात फायदा नाही, उलट खर्च वाढतो, हे रॉबर्ट हॅमिल्टन या स्कॉटिश गणितज्ञाने १८१३ साली दाखवून दिले. पण त्याआधीची गोष्टही विसरू नये. वॉलपोलच्या काळातला पहिला निधी अशा फसव्या गणिताने बुडाला नाही. १७३३ साली चालू खर्चासाठी त्यातून पैसे उचलले गेले आणि पुढे ती वाट रुळली.

वर्कशॉपमध्ये हे दोन्ही धोके असतात. म्हणून मी असे सांगतो की यंत्राचे जादा व्याजाचे मुदतकर्ज बाकी असेल तर आधी ते फेडा. फेडलेले मुदतकर्ज पुन्हा उचलता येत नाही, त्यामुळे ती बचत पक्की असते. कॅश क्रेडिटचे तसे नाही. आज भरलेले दोन लाख पुढच्या महिन्यात माल घ्यायला पुन्हा उचलले जातात आणि निधी दिसेनासा होतो. मालकाने बँकेला सांगून मर्यादाच कमी करून घेतली तर तो मार्गही चालेल. ते जमणार नसेल, तर साडेतीन टक्क्यांचा तोटा सोसून वेगळी ठेव ठेवलेली बरी. तो तोटा म्हणजे निधी शाबूत ठेवण्याची किंमत समजावी.

ठेव कुठे ठेवावी यालाही मर्यादा आहेत. पतसंस्था एखादा टक्का जास्त देते, पण तिथल्या ठेवीला बँकेसारखे ठेव विम्याचे संरक्षण नाही. बँकेतही ते प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे, म्हणून मोठा निधी दोन-तीन चांगल्या बँकांत विभागावा. वर्षअखेर एकरकमी भरणे जड जात असेल, तर दरमहा पंधरा हजार आठशेची आवर्ती ठेव उघडावी. व्याजही थोडे जास्त मिळते.

निधी पोकळ होऊ लागला की आधी वहीत कळत नाही, पावतीवर कळते. ताळेबंदात एका बाजूला राखीव निधी दिसतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच रकमेची ठेव दिसायला हवी. दोन्ही आकडे जुळले तरी मी ठेवीच्या पावत्या मागतो आणि त्यांच्यावर बँकेचा बोजा नोंदलेला आहे का ते पाहतो. ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतलेला असला की वहीत निधी पूर्ण दिसतो, पण प्रत्यक्षात तो केव्हाच खर्च झालेला असतो.

छोट्या कारखानदारांना माझे एवढेच सांगणे आहे. या मार्चला ताळेबंदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या यंत्रापुढे तीन आकडे लिहून घ्या: ते किती वर्षे माप धरेल, तेव्हा नवे कितीला पडेल आणि त्यासाठी आज ठेवीत किती आहे. तिसऱ्या आकड्याच्या जागी शून्य असेल, तर नव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात ती ठेव उघडा आणि तिचा हप्ता तुमच्या मशीन-तासाच्या दरात धरा.