चौथा स्लॅब नेमका कोणता?

गेल्या दिवाळीच्या पंधरवडाभर आधी सावेडीतले एक माध्यमिक शिक्षक माझ्याकडे पत्र घेऊन आले. मी नगरला वकिली करतो आणि गेली काही वर्षं माझ्याकडे फ्लॅटचीच प्रकरणं जास्त येतात. सर म्हणाले, "वकीलसाहेब, मी लिहून आणलंय. तुम्ही फक्त नजर टाका."

पत्र सुवाच्य होतं, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. मजकूर मात्र असा होता : "आपण ग्राहकांची उघड लूट चालवली आहे. इमारतीचे जेमतेम दोन स्लॅब झाले असताना चौथ्या स्लॅबचे पैसे मागताना लाज कशी वाटत नाही? या पत्रानंतर मी एक रुपयाही देणार नाही."

मी त्यांना नोंदणीकृत करारनामा मागितला. पत्र सुधारायला घेण्याआधी मी नेहमी करारातलं हप्त्यांचं परिशिष्ट वाचतो, कारण सगळा वाद तिथल्या एका क्रियापदावर उभा असतो. 'स्लॅब पूर्ण झाल्यावर' असं लिहिलं असेल तर ग्राहकाला बोलायला जागा असते. काही करारांत 'स्लॅबचं काम सुरू झाल्यावर' असं असतं. सही करताना ते कुणी वाचत नाही आणि मग सेंटरिंगची पहिली फळी लागली तरी मागणी रास्त ठरते. सरांच्या करारात 'पूर्ण झाल्यावर' होतं. फ्लॅटची किंमत ३८ लाख, खाली पार्किंग आणि वर चार मजले, स्लॅब एकूण पाच आणि प्रत्येकी ५ टक्के. म्हणजे मागणी १ लाख ९० हजारांची, शिवाय जीएसटी. ही विभागणी राज्याच्या २०१७ च्या नियमांबरोबर दिलेल्या नमुना कराराशी जुळणारी होती. त्यात जोत्यापर्यंत ४५ टक्के आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत ७० टक्के, अशी कमाल मर्यादा आहे.

मग मी विचारलं, "दोनच स्लॅब झाले, हे कसं मोजलंत?" सर म्हणाले, "पहिल्या मजल्याचं छत एक, दुसऱ्याचं दोन. तिसऱ्यावर अजून फळ्याच दिसतात."

इथेच पत्र अडकलं असतं. पार्किंगच्या डोक्यावरचा स्लॅब हा पहिला. पहिल्या मजल्याचं छत म्हणजे दुसरा, दुसऱ्याचं छत तिसरा आणि तिसऱ्या मजल्याचं छत हा करारातला चौथा. म्हणजे प्रत्यक्षात तीन स्लॅब पडले होते. सरांनी 'दोन' लिहून पाठवलं असतं, तर बिल्डरनं तेवढी एक चूक पकडून उत्तर दिलं असतं आणि खरा मुद्दा बाजूला राहिला असता. स्लॅब आणि मजला यांच्या आकड्यांतला हा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे, की आता मी कागदावर इमारतीचं उभं चित्र काढून प्रत्येक आडव्या रेघेला आकडा घालायला लावतो.

दुसऱ्या दिवशी, ८ ऑक्टोबरला, सर पुन्हा साइटवर गेले. काय पाहायचं ते मी सांगितलं होतं. स्लॅब भरलेला असेल तर वरच्या मजल्याच्या कॉलमच्या सळ्या काँक्रीटमधून वर आलेल्या दिसतात, स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवलेलं असतं, कडांना ओल असते. भरायचा असेल तर फळ्यांवर सळ्यांची उघडी जाळी दिसते. समोरच्या गच्चीवरून सरांनी फोटो काढले. जाळी उघडी होती, आणि ती सुद्धा अर्ध्याच भागात बांधलेली. फोटोत शेजारची इमारत येईल असं पाहायला मी मुद्दाम सांगितलं होतं. नुसत्या सळ्यांचा फोटो कुठल्याही साइटचा असू शकतो.

सरांना आणखी एक मुद्दा घालायचा होता. सेंटरिंग काढेपर्यंत स्लॅब पूर्ण झाला असं म्हणताच येत नाही, असं त्यांना एका ओळखीच्या इंजिनिअरनं सांगितलं होतं. टेकू किती दिवसांनी काढायचे याचं भारतीय मानक आहे हे खरं. साध्या स्लॅबला, गाळ्याच्या रुंदीप्रमाणे, ७ ते १४ दिवस लागतात. पण करारात 'पूर्ण' म्हणजे काय याची व्याख्या नव्हती आणि व्यवहारात काँक्रीट पडलं की स्लॅब झाला असंच धरतात. काँक्रीट पडलंच नव्हतं, तेव्हा हा वाद उकरायची गरजच नव्हती. तो परिच्छेद मी काढून टाकला. सर जरा हिरमुसले.

'एक रुपयाही देणार नाही' हे वाक्य मात्र धोक्याचं होतं. रेरा कायद्याच्या कलम १९ नुसार करारातल्या वेळेला पैसे देणं हे ग्राहकाचं कर्तव्य आहे आणि उशीर झाला तर व्याज लागतं. नमुना करारात तीन हप्ते चुकले तर १५ दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करायची सोय बिल्डरला आहे. नकाराचं पत्र हा थकबाकीचा आयता पुरावा होतो. त्याच नमुना करारात, ग्राहकाचे हप्ते बांधकामाच्या प्रगतीबरोबरच देय होतात, असंही म्हटलं आहे. सरांच्या करारात हे कलम शब्दशः होतं आणि पत्र त्याच्यावरच उभं करायचं होतं. शेवटी मजकूर असा झाला :

"आपले दि. ५ ऑक्टोबरचे मागणीपत्र मिळाले. करारातील परिशिष्टानुसार चौथ्या स्लॅबचा हप्ता तो स्लॅब पूर्ण झाल्यावर देय आहे. दि. ८ ऑक्टोबर रोजी पाहणी केली असता तिसऱ्या मजल्यावरील छताचे, म्हणजे चौथ्या स्लॅबचे, सळई बांधणीचे काम सुरू होते व काँक्रीट झालेले नव्हते. फोटो सोबत आहेत. स्लॅब पूर्ण झाल्याची तारीख असलेला वास्तुविशारदाचा दाखला कृपया पाठवावा. तो मिळाल्यापासून करारातील मुदतीत हप्ता भरण्यास मी तयार आहे. तोपर्यंत हा हप्ता थकीत धरू नये व त्यावर व्याज आकारू नये. मागणीपत्रातील १८ टक्के व्याजदर मला मान्य नाही. नियमांनुसार स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के हाच दर दोन्ही पक्षांना लागू आहे."

लूट, लाज, फसवणूक हे शब्द गेले. सरांना ते पत्र मिळमिळीत वाटलं. मला मात्र त्यात उत्तर टाळायला जागा दिसत नव्हती : दाखला आहे किंवा नाही, एवढंच सांगायचं उरलं होतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची प्रगती पाहता येते, पण ती तिमाहीची असते. सप्टेंबरअखेरची नोंद ऑक्टोबरातल्या स्लॅबबद्दल काही सांगत नाही, म्हणून तिचा उल्लेख मी केला नाही.

पत्र करारातल्या पत्त्यावर पोच घेऊन पोस्टानं आणि ई-मेलनं, अशा दोन्ही मार्गांनी गेलं. एक प्रत कर्ज देणाऱ्या बँकेच्या शाखेला, 'साइटची पाहणी झाल्याशिवाय हप्ता वितरित करू नये' या ओळीसह. ही प्रत सर पाठवणारच नव्हते. पण पुष्कळदा बिल्डर मागणीपत्र थेट बँकेकडे पाठवतो, बँक पैसे सोडते आणि ग्राहकाला व्याज सुरू झाल्यावर कळतं. दोन महिन्यांचं व्याज दोन-अडीच हजारच होईल. पण काम मध्येच थांबलं तर न झालेल्या स्लॅबचे १ लाख ९० हजार परत मिळवायला वर्षं जातात.

आठ दिवसांनी बिल्डरच्या कार्यालयातून फोन आला. दिवाळीला मजूर गावी जायच्या आत त्यांचा हिशेब करायचा होता म्हणून सगळ्यांना पत्रं आधीच काढली, असं तिथल्या मॅनेजरनं सरळ सांगून टाकलं. अडचण खरी असेल. करारात तिला जागा नव्हती. मजूर भाऊबीजेनंतर परतले, स्लॅब नोव्हेंबरात पडला, दाखल्यासह नवं मागणीपत्र आलं आणि सरांनी सहाव्या दिवशी पैसे भरले.

नंतर पेढे घेऊन आले तेव्हा पिशवीत वहीचा एक कागद होता. इमारतीचं उभं चित्र, पाच आडव्या रेघा, चारांपुढे तारखा आणि पाचवीपुढे पेन्सिलीनं काढलेली मोकळी चौकट.