चौघांना पंधरा

नववीतली माझी नात एका संध्याकाळी दप्तर आपटून ओसरीवर बसली. म्हणाली, "आबा, सगळं मी केलं, आणि चौघांनाही वीसपैकी पंधराच!"

प्रकल्प विज्ञानाचा होता, पण विषय आमच्याच घरचा. घरच्या सोयाबीनचं बियाणं पेरण्याजोगं आहे का, ते तपासायचं. तीन घरांचं बियाणं आणलं, प्रत्येकाचे न निवडता शंभर दाणे मोजले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून गुंडाळी केली, सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं आणि सातव्या दिवशी कोंब मोजले. शंभरात सत्तर तरी उगवले तर बियाणं चांगलं. गटात माझी नात, एक चित्रं काढणारा, एक बोलघेवडा आणि शाळा सुटली की शेळ्या वळणारी एक अबोल पोरगी.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. आमच्याकडं टोळी सोयाबीन काढणीचं उक्तं घेते, तेव्हा पैसे एकराचे ठरतात, पण वाटणी करताना कोण किती दिवस आलं हे मुकादम बघतोच. मॅडमना तेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, काम एकत्र झालं तर त्याचे गुण एकत्रच द्यावे लागतात. पण सगळेच्या सगळे नव्हे. बसा, करून बघू."

त्यांनी वीसचे दोन भाग केले. बारा गटाचे, आठ एकेकाचे. गटाच्या बारात प्रश्न नेमका आहे का याला दोन, पद्धतीला चार, नोंदींना चार, तक्त्याला दोन. मी म्हटलं, "चार कुणाला अन् तीन कुणाला, हे कसं ठरवायचं?" त्यावर त्यांनी 'उत्तम', 'बरे' असले शब्द लिहिलेच नाहीत, डोळ्यांना दिसेल तेच लिहिलं. तिन्ही गोणपाटांत शंभर-शंभर दाणे, पाणी सारखं आणि मोजणी एकाच दिवशी असेल तर चार. यातलं एक चुकलं तर तीन, दोन चुकली तर दोन. या गटाचं एक गोणपाट मध्येच वाळलं होतं, म्हणून तीन.

एकेकाच्या आठात रोजच्या वहीला तीन, तोंडी प्रश्नाला तीन, आणि सुरुवातीला वाटून घेतलेलं काम केलं का याला दोन. वहीत शुद्धलेखन बघायचं नाही, तारीख आणि काय पाहिलं तेवढंच. शेवटी प्रत्येकानं चिठ्ठीवर कुणी काय केलं ते लिहायचं. गुण मात्र लिहायचे नाहीत. मॅडम म्हणाल्या, "मागं एकदा पोरांनाच एकमेकांना गुण द्यायला लावलं, तर दोस्तांनी दोस्तांना पैकीच्या पैकी दिले आणि भांडण झालेल्याला शून्य." म्हणून चिठ्ठी आणि वही जुळली नाही, तर बोलावून विचारायचं.

मग चौघांना एकेकटं बोलावून एकच प्रश्न विचारला : तिसऱ्या गोणपाटात कमी का उगवलं? नात म्हणाली, "बियाणं खराब होतं." चित्रवाल्याचं उत्तरही तेच. बोलघेवडा पाणी कमी पडल्याचं बोलला. ते अर्धं खरं होतं. शेळ्यावाली खाली बघत म्हणाली, "त्या घरी मळणीयंत्र लई जोरात चालवलं होतं. मोजतानाच पुष्कळ दाण्यांची साल तडकलेली दिसली. तसले दाणे फुगले अन् कुजले. चांगल्या सालीचे बहुतेक उगवले." तिची वही काढली. वाकड्यातिकड्या अक्षरात तडकलेल्या दाण्यांचा आकडा लिहिलेला. गोणपाटांवर पाणी शिंपडायला सकाळी लवकर येणारीही तीच, हे चौघांच्या चिठ्ठ्यांत होतं. मधले दोन दिवस ती मजुरीला गेली, त्या नोंदी मात्र नव्हत्या.

गटाचे बारापैकी नऊ झाले. नातीला वहीचे तीन, तोंडीचा एक, कामाचे दोन, एकूण पंधरा. शेळ्यावालीला दोन, तीन, दोन, सोळा. चित्रवाल्याला चौदा, वहीच नसलेल्या बोलघेवड्याला बारा. मी नातीचे गुण वाढवायला गेलो होतो, ते होते तेवढेच राहिले.

"मग हेच लावा की," मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "नाही काका. वही ठेवायची, तोंडी विचारणार, हे पोरांना आधी कुठं माहीत होतं? भाव ठरल्यावर विळा हातात घ्यायचा ना? यंदाचे पंधरा तसेच राहतील. पुढच्या वेळी हा कागद पहिल्या दिवशी वहीला चिकटवू. मजुरीला गेलेल्याच्या नोंदी जोडीदारानं घ्यायच्या, हेही त्यात घालू."

घरी आल्यावर नातीनं विचारलं, "तिला सोळा कसे?" मी कोठीतलं मूठभर सोयाबीन तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, "यातले तडकलेले वेगळे कर." ती दिव्याखाली बसली. बराच वेळ दाणे उलटेपालटे करत राहिली.