नळ किती फिरवल्यावर बंद होतो?

आमच्या घरात एकाच वेळी दोन नळ गळत होते. एक बेसिनवरचा, क्रोमचा चकचकीत. दुसरा मागच्या बाल्कनीत कपडे धुण्याच्या जागेवरचा, जुना पितळी. दोन्हींतून पडणारा थेंब सारखाच, त्यामुळे दुखणंही एकच असणार असं मला वाटत होतं. नळात वायसर नावाचं रबर असतं, ते झिजलं की नळ गळतो, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं. तेवढ्या भांडवलावर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी अर्ध्या इंची नळाचे दोन वायसर मागितले. दुकानातल्या काकांनी ते काढायच्या आधी विचारलं, "ताई, नळ किती फिरवल्यावर बंद होतो?" रोज हाताळायच्या वस्तूबद्दलचा इतका साधा प्रश्न, आणि मला उत्तर देता येईना.

घरी येऊन दोन्ही नळ लक्ष देऊन फिरवले. पितळी नळ पूर्ण उघडा असताना बंद करायला मूठ दोन-तीनदा गरागरा फिरवावी लागते. शेवटी ती एकदम अडत नाही. हळूहळू जड होत जाते, आत काहीतरी मऊ दाबलं जातंय असं हाताला कळतं. आणखी जोर लावला की थेंब मंदावतो. बेसिनच्या नळाचं तसं नाही. त्याची दांडी पाव फेरा फिरते आणि टक्कन थांबते. तिथून पुढे कितीही जोर लावा, थेंब पडायचा त्याच गतीने पडतो. नळ न उघडता आतलं यंत्र ओळखायची खूण हीच: बरेच फेरे आणि मऊ शेवट म्हणजे रबरी वायसर, पाव फेरा आणि कडक थांबा म्हणजे सिरॅमिक डिस्कचं कार्ट्रिज, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर कठीण भाजणीच्या चकत्यांची डबी. अर्ध्या फेऱ्यात बंद होणारे नळही असतात. त्यांची खात्री मात्र उघडूनच करावी लागते.

आधी बेसिनचा नळ घेतला, कारण त्याचं पाणी बंद करणं सोपं होतं. बेसिनच्या खाली भिंतीत अँगल कॉक असतो, तो बंद केला आणि नळ उघडून आत राहिलेलं पाणी काढून टाकलं. बेसिनच्या भोकावर फडकं ठेवलं, कारण सुटणारे स्क्रू तिकडेच धावतात असं काकांनी बजावलं होतं. आता दांडी काढायची, पण स्क्रू कुठे दिसेना. दांडीच्या माथ्यावरचं निळं बटण ही शोभा आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. नखाने उचकटल्यावर ते सुटलं आणि स्क्रू त्याच्याच खाली निघाला.

दांडी निघाली, तिच्याखालची टोपी हाताने फिरवून काढली, आणि पितळी षटकोनी भाग दिसला. स्क्रू पाना लावून तो उलटा फिरवला आणि अख्खी डबी हातात आली. तिच्या बुडाला रबराची एक कडी, आणि कडीच्या आत दोन पांढऱ्या चकत्या, एकीवर एक. दोन्हींना समोरासमोर दोन-दोन भोकं. खालची चकती जागची हलत नाही. वरची दांडीबरोबर फिरते. भोकावर भोक आलं की पाणी वाहतं, पाव फेरा फिरून भोकावर सपाट भाग आला की बंद. म्हणजे इथे दाबून बंद करायचं काहीच नाही, म्हणून जोराचा उपयोग होत नव्हता. मी चकत्या बाहेर काढल्या. ओल्या असताना त्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की उचलून वेगळ्या करता येईनात, फक्त बाजूला सरकवता आल्या. पाणी अडतं ते या गुळगुळीतपणामुळे.

मग गळती का? चकती उजेडात तिरपी धरली तेव्हा एका भोकापासून कडेपर्यंत गेलेला बारीक ओरखडा दिसला. आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळून येतं, त्यात वाळूचे कण असतात. चकत्या कठीण खऱ्या, पण दोघींच्या मध्ये कण सापडून घासला गेला की त्याची वाट उरते आणि पाणी तिथून येतं. ओरखडा नसता, नुसता क्षाराचा पांढरा थर असता, तर डबी थोडा वेळ पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवून, धुऊन परत बसवता आली असती. बुडाची रबरी कडी चपटी झाली असेल तरीही असाच थेंब येतो, आणि मग नुसती कडी बदलून भागतं. ओरखड्याला मात्र इलाज नाही, डबी नवीनच हवी.

डबी आणि दांडी दोन्ही घेऊन दुकानात गेले, आणि दांडी नेली हे बरंच झालं. अर्ध्या इंची डब्या दिसायला सारख्या, पण वरच्या दांड्याचे दाते आणि त्याची उंची कंपनीगणिक वेगळी. काकांनी एकेक डबी काढून दांडी तिच्यावर बसवून पाहिली. दाते जुळणारी मिळाल्यावरही त्यांनी ती फिरवून बघितली, कारण काही डब्या उजवीकडे उघडतात, काही डावीकडे. उलट्या दिशेची बसवली तर नळ चालतो, पण घरातला प्रत्येक जण बंद करायला जाऊन उघडतो. घरी येऊन ती घट्ट बसेल इतकीच आवळली, अँगल कॉक सावकाश उघडला, आणि नळ कोरडा राहिला.

पितळी नळाला स्वतःचा कॉक नव्हता, म्हणून गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागला. इथे काकांची एक सूचना महत्त्वाची निघाली: वरचा भाग सोडवायच्या आधी नळ थोडा उघडा ठेवायचा, आणि परत बसवतानाही तसाच. बंद ठेवला तर वायसर बैठकीवर दाबलेला असतो आणि आट्यांवर ताण येतो. भाग निघाला. त्याच्या टोकाच्या छोट्या पितळी चाकीवर काळं रबर होतं, आणि त्यात बैठकीच्या कडेची गोल खाच खोल उमटलेली. रबर दगडासारखं कडक झालं होतं. नवा वायसर काही रुपयांचा, बसवायला फक्त एक लहान नट. पाणी सुरू केलं आणि थेंब परत आला.

वायसर नवा, तरी गळती! पुन्हा पाणी बंद करून नळाच्या पोटात बोट घातलं. वायसर जिथे टेकतो ती पितळी बैठक गोल गुळगुळीत असायला हवी; एका बाजूला बोटाला खरखरीत खड्डा लागला. वायसर झिजल्यावर आपण नळ जोर लावून आवळत राहतो, आणि गळणारं पाणी त्याच फटीतून वाहत राहून पितळ खात जातं. अशा बैठकीवर नवं रबर काही दिवसांत फाटतं. प्लंबरकडे बैठक घासायचं कटर असतं, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी ते नळात घालून हलक्या हाताने थोडेसेच फेरे दिले, आतून पितळेचा बारीक कीस निघाला, आणि खड्ड्याच्या जागी सलग चमकदार कडा आली. त्यावर तोच नवा वायसर बसला आणि थेंब थांबला. खड्डा आणखी खोल असता तर घासून उपयोग झाला नसता, असं ते म्हणाले. मग अख्खा नळच बदलावा लागला असता.